ओल्या वाळूतली हवा

आपल्याकडे वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि भरावाची उंची टेपने मोजायची, गुणाकार करायचा आणि तेवढे पैसे द्यायचे. घर बांधणाऱ्या माणसाला हा व्यवहार चोख वाटतो, कारण माप त्याच्या डोळ्यांदेखत घेतलेलं असतं. पण आलेली वाळू ओलसर असेल तर त्या मापात वाळूबरोबर बरीच हवाही मोजली जाते. मध्यम जाडीच्या वाळूत हा फुगवटा २५ टक्क्यांच्या आसपास सहज असतो, आणि बारीक वाळूत तो ३० ते ४० टक्क्यांपर्यंतही जातो. क्रश सँडही ओलसर असताना फुगते, आणि तिच्यात बारीक कण भरपूर असले तर चांगलीच फुगते.

याचं कारण पाण्याच्या पृष्ठताणात आहे. वाळू थोडी भिजली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो. हा थर शेजारच्या कणांना धरून ठेवतो, त्यामुळे कण घसरून एकमेकांच्या फटीत बसू शकत नाहीत. जिथे टेकले तिथेच अडकतात आणि मधल्या पोकळ्या मोठ्या राहतात. किनाऱ्यावर मुलांचा किल्ला ओलसर वाळूचाच उभा राहतो तो याच पकडीमुळे. वाळूच्या वजनाच्या साधारण चार ते आठ टक्के पाणी असताना फुगवटा सर्वांत जास्त असतो. पाणी त्याहून वाढत गेलं आणि सगळ्या पोकळ्या भरल्या की ही पकड सुटते, कण खाली बसतात आणि वाळू पुन्हा जवळजवळ कोरडीइतकीच जागा घेते. म्हणजे खडखडीत कोरडी वाळू आणि पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू यांचं माप सारखं येतं, घोटाळा मधल्या ओलाव्यात होतो. आणि साइटवर येणारी वाळू बहुतेक वेळा नेमकी त्याच ओलाव्याची असते.

फुगवटा किती आहे हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय मानक आयएस २३८६ च्या तिसऱ्या भागात साइटवर करायची एक सोपी पद्धत दिली आहे. सरळ उभ्या बाजूंचं भांडं घ्यायचं. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली अरुंद असते. काचेची सरळ बरणी उत्तम. ढिगातली ओलसर वाळू तिच्यात न दाबता, सैलसर, साधारण दोन तृतीयांश उंचीपर्यंत भरायची, वरून सपाट करायची आणि उंची मोजायची. समजा ती १५ सेंटिमीटर भरली. आता ती सगळी वाळू दुसऱ्या भांड्यात काढायची, बरणी अर्धी पाण्याने भरायची, निम्मी वाळू पाण्यात परत टाकून बारीक सळईने ठोसायची, मग उरलेली टाकून पुन्हा ठोसायची. सपाट करून उंची मोजली आणि ती १२ सेंटिमीटर आली, तर १५ ला १२ ने भागून सव्वा येतं. फुगवटा २५ टक्के झाला.

वाळू कुठून घेतली यालाही महत्त्व आहे. ढिगाचा वरचा थर उन्हाने वाळलेला असतो, पोटात ओल असते आणि तळाशी पाणी उतरलेलं असतं. गवंडी ज्या बाजूने वाळू उपसतोय तिथलीच वाळू बरणीत घ्यायला हवी. नवी गाडी आली किंवा पाऊस पडून गेला की परीक्षा पुन्हा करायची. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हे प्रत्यक्ष मागणीत कसं उतरतं ते पाहू. एक हजार चौरस फूट भिंतीला आतून अर्धा इंच जाडीचा, एकास चार प्रमाणाचा गिलावा करायचा आहे. नुसत्या जाडीचा हिशेब ४२ घनफुटांचा होतो. विटांच्या सांध्यांत आणि भिंतीच्या खड्ड्यांत जाणारा माल धरून तो ५२ घनफूट धरू. सिमेंट आणि वाळू कोरडी मिसळून पाणी घातलं की एकूण माप आटतं, म्हणून कोरडा माल त्याच्या सुमारे एक पूर्णांक तीन दशांश पट, म्हणजे ६८ घनफूट लागतो. त्यातले साडेतेरा घनफूट सिमेंट, म्हणजे ११ पोती, आणि साधारण ५४ घनफूट वाळू. ही वाळू कोरड्या मापाची आहे. बरणीत २५ टक्के फुगवटा दिसला असेल तर गाडीतल्या मापाने ती ६८ घनफूट होते. चाळताना निघणारे खडे आणि जमिनीला लागून वाया जाणारी वाळू यांसाठी दहा टक्के वाढवले की ७५ घनफूट, म्हणजे बरोबर पाऊण ब्रास. ज्याने ५४ घनफुटांवर दहा टक्के घालून ६० घनफूट मागवली, त्याची वाळू काम संपण्याआधी संपेल आणि तो पुरवठादाराशी भांडत बसेल.

यातला फुगवटा आणि नासाडी ही दोन वेगळी खाती आहेत, ती एकत्र करू नयेत. नासाडीत माल खरोखर जातो. फुगवट्यात काहीच जात नाही, मापच खोटं असतं. आणि हे खोटं माप मिश्रण कालवतानाही पाठ सोडत नाही. गवंड्याने एका फर्म्याला ओलसर वाळूचे चार फर्मे घेतले, तर २५ टक्के फुगवट्यात खरी वाळू सव्वातीन फर्म्यांहूनही थोडी कमी पडते. गिलावा ठरल्यापेक्षा तेज होतो, वर सांगितलेल्या भिंतीला सिमेंटची दोन पोती जास्त जातात, आणि तेज गिलावा वाळताना अधिक आकसून त्यावर केसासारख्या भेगा पडतात. लोक त्या भेगांचा दोष सिमेंटला देतात. काँक्रीटमध्ये उलटी अडचण होते: वाळू कमी पडल्याने खडीमधल्या पोकळ्या भरत नाहीत आणि फळ्या काढल्यावर कॉलममध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. उपाय एकच, फर्म्याचं माप फुगवट्याइतकं वाढवायचं. चार फर्म्यांच्या जागी पाच. त्याच वेळी वाळूत आधीच असलेलं पाणी ओळखून कालवताना तेवढं पाणी कमी घालायचं.

खरेदीचा झगडा टाळायचा असेल तर माझं मत वजनाच्या बाजूने आहे. कोरड्या सैल वाळूचा ब्रास साधारण साडेचार टन भरतो, आणि पाच टक्के ओल व २५ टक्के फुगवटा असलेल्या त्याच वाळूचा ब्रास पावणेचार टनांच्या आसपास. काट्यावर घेतलेल्या वाळूत फक्त पाण्याच्या पाच टक्क्यांचे पैसे जास्त जातात, मापावर घेतलेल्या वाळूत कोरड्या मापाच्या पाव हिश्श्याइतके.

विटांकडे वळलं की लोक लगेच फुटीची टक्केवारी विचारतात. हाताने रचून उतरवलेल्या बऱ्या भाजणीच्या विटांना पाच टक्के पुरतात, डंपर उलटा करून ओतलेल्यांना नाही. पण फुटीहून मोठा फरक विटेच्या आकाराने पडतो, आणि त्याकडे कुणी बघत नाही. नऊ बाय चार बाय तीन इंची म्हणून विकली जाणारी वीट भट्टीगणिक बदलते. चार इंची भिंतीत अर्धा इंच सांधा धरून १०० चौरस फुटांना पूर्ण मापाच्या ४३३ विटा लागतात. तीच वीट साडेआठ लांब आणि पावणेतीन उंच निघाली तर सुमारे ४९२. जवळजवळ १४ टक्के जास्त, आणि त्यात एकही वीट फुटलेली नाही. शिवाय सांधे वाढल्याने मालही जास्त जातो. म्हणून नमुन्याच्या २० विटा टोकाला टोक लावून जमिनीवर मांडायच्या. पूर्ण मापाच्या असतील तर रांग १५ फूट भरते. चौदा फूट दोन इंच भरली तर ती साडेआठ इंची वीट आहे, आणि हजाराचा भाव त्या हिशेबाने बोलायचा.

टाइल्समध्ये टक्केवारीने आणखी मोठी फसगत होते. दुकानदार क्षेत्रफळावर सरसकट दहा टक्के धरतो. साडेअकरा फूट बाय सव्वादहा फूट खोली घ्या आणि ६०० बाय ६०० मिलिमीटरची टाइल. क्षेत्रफळाने साडेतीस टाइल्स होतात, दहा टक्के धरून ३४. आता टाइल्स खरोखर मांडून पाहा. सव्वादहा फुटांत पाच टाइल्स बसून साडेचार इंचांची चिंचोळी पट्टी उरते, ती भिंतीकडेला वाईट दिसते. चांगला कारागीर मधे चार पूर्ण टाइल्स घेतो आणि दोन्ही कडांना सुमारे १४ इंचांचे तुकडे लावतो. १४ इंच कापल्यावर टाइलचा उरलेला भाग साडेनऊ इंचांचा राहतो, तो दुसऱ्या कडेला पुरत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याला नवी टाइल लागते. दुसऱ्या दिशेलाही पाच पूर्ण आणि एक कापलेली. सहा गुणिले सहा, ३६ टाइल्स. क्षेत्रफळापेक्षा १८ टक्के जास्त, तेही एकही न फोडता. चौकटी कागदावर काढून मोजल्या की हे आधीच कळतं. चार टाइल्सच्या खोक्याने ही नऊ खोकी झाली, आणि फुटीसाठी व पुढच्या दुरुस्तीसाठी एक खोकं वर. ते त्याच वेळी, खोक्यावरचा बॅच आणि शेड क्रमांक जुळवून घ्यायचं, कारण नंतर तोच रंग मिळेलच असं नाही.

सळईचा हिशेब त्यामानाने स्वच्छ आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागला की एक मीटरचं किलोतलं वजन येतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे पावणेअकरा किलो भरते. आयएस १७८६ नुसार १२ च्या सळईत पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणून काट्यावरचं वजन आणि नगांवरून काढलेलं वजन थोडं वेगळं येणारच. पण सळईवर सळई चढवून बांधलेली जोडाची लांबी, लॅप, नासाडीत ढकलू नये. ती कामात जाते, डिझाइननुसार वेगळी मोजायची असते. खरी नासाडी कापण्यात होते. स्लॅबला ४.२ मीटरच्या सळया हव्या असतील तर १२ मीटरमधून दोन निघतात आणि ३.६ मीटरचा तुकडा उरतो, जवळजवळ तीस टक्के. त्याच व्यासाची ३.६ मीटरची सळई दुसऱ्या खोलीला लागत असेल तर फिटरला दोन्ही खोल्यांची यादी कापण्याआधी द्यायची. एका सळईतून दोन मोठ्या आणि एक लहान निघते, आणि काहीच उरत नाही. अशी यादी असेल तर तीन टक्के नासाडी धरणं पुरतं.