लिफ्टच्या बॅटरीचं वय कसं मोजायचं?

डोंबिवलीतल्या एका सात मजली सोसायटीची वार्षिक सभा. ‘लिफ्टच्या बॅटऱ्या बदलणे’ हा विषय चहाच्या अगदी आधीचा, म्हणजे सहसा कुणी न ऐकण्याचा. सेक्रेटरींनी तीन कोटेशनं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “यातलं स्वस्त कोणतं ते कागदावर दिसतंच आहे. मी फक्त कोणती बॅटरी किती टिकेल आणि तिच्यामागे कुणाला किती धावावं लागेल, एवढंच सांगतो.”

वीज गेली की लिफ्टच्या पॅनलशेजारची एआरडी नावाची पेटी ताबा घेते, केबिन सावकाश जवळच्या मजल्यावर आणते आणि दार उघडते. हे काम फार तर मिनिटभराचं. त्यासाठी या इमारतीत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. वर्षातला बाकी सगळा वेळ त्या चार्जरला लागून नुसत्या बसून असतात. सेक्रेटरींचा मुख्य मुद्दा इथेच होता. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी वापरून झिजते, लिफ्टची बसल्या बसल्या झिजते. त्यामुळे ‘इतक्या हजार वेळा चार्ज होते’ हा माहितीपत्रकातला आकडा आपल्या फारसा उपयोगाचा नाही.

तिला मारतो तो उकाडा. कंपनी आयुष्य सांगते ते साधारण पंचवीस अंश तापमानाला. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य त्यापुढे दर आठ-दहा अंशांना जवळपास निम्मं होत जातं. आपली मशीन रूम गच्चीवर, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात दुपारी आत पाच मिनिटं उभं राहवत नाही. कागदावरची पाच वर्षं तिथे दोन-तीनच भरतात.

मग पर्यायांचा विचार झाला. पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी दणकट खरी, पण तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, आम्लाची वाफ पॅनलमधल्या तारा गंजवते आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बंद खोलीत ती नकोच. बंदिस्त एसएमएफ बॅटरीला पाणी लागत नाही. “पण मेंटेनन्स फ्री म्हणजे विसरून जा, असं नव्हे,” सेक्रेटरी म्हणाले. तिच्यातलं पाणी उडालं तर पुन्हा घालता येत नाही. म्हणून चार्जरचा व्होल्टेज पाहायचा: प्रत्येक बॅटरीमागे साधारण साडेतेरा ते पावणेचौदा. त्याहून जास्त राहिला तर बॅटरी आतून सुकते, फुगते. लिथियम जास्त टिकते, पण तिला जुना चार्जर चालेलच असं नाही, आणि मोटर सुरू होताना लागणारा झटक्याचा करंट तिच्या आतल्या संरक्षक सर्किटला झेपला नाही तर ते सर्किट ऐनवेळी पुरवठाच तोडतं. लिफ्ट कंपनीने लेखी मान्यता दिली तरच ती घ्यावी.

हिशेब त्यांनी समजुतीपुरता मांडला. समजा एसएमएफचा संच पंधरा हजारांना आणि तीन वर्षं चालला. लिथियम चार्जरसकट अठ्ठेचाळीस हजारांना आणि आठ वर्षं. वर्षाला पाच हजार विरुद्ध सहा हजार. पण उष्णतेने एसएमएफ दोनच वर्षांत गेली, तर तिचे साडेसात हजार होतात. म्हणजे निर्णय बॅटरीइतकाच खोलीवरही ठरतो, आणि एक्झॉस्ट पंखा कोणत्याही बॅटरीपेक्षा स्वस्त!

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “चारातली एकच गेलीय ना? मग तेवढीच बदला की.” उत्तर ऐकण्यासारखं होतं. एका रांगेत जोडलेल्या बॅटऱ्यांना चार्जर एकूण व्होल्टेज देतो, प्रत्येकीला वेगळा नाही. जुन्या-नव्या एकत्र बसवल्या की वाटणी बिघडते. कुणी जास्त चार्ज होते, कुणी उपाशी राहते, आणि नवीसुद्धा लवकर जाते. म्हणून संच एकदम, एकाच कंपनीचा, आणि उत्पादनाचा महिना-वर्ष पाहून घ्यायचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेण्यात अर्थ नाही.

खराब बॅटरी ओळखायची कशी? नुसता मल्टिमीटर लावला तर मेलेली बॅटरीही बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा भार पडल्यावर. टेक्निशियनने रिकामी केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असताना मुख्य पुरवठा बंद करायचा आणि एआरडी चालू असताना प्रत्येक बॅटरी मोजायची. जी साडेदहाच्या खाली कोसळते, ती संपली. हे सभासदांनी स्वतः करू नये. पॅनलमध्ये जिवंत वीज असते.

सभेने एसएमएफचाच संच मंजूर केला, सोबत मशीन रूमला एक्झॉस्ट पंखा. एएमसीच्या करारात दर तीन महिन्यांनी भाराखालची चाचणी आणि प्रत्येक बॅटरीचे आकडे नोंदवहीत लिहिण्याची अट घातली गेली. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत द्यायच्या, हेही ठरलं. तुमच्या सोसायटीत अशी नोंदवही नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला टेक्निशियन आला की आधी बॅटऱ्यांवरची तारीख वाचून घ्या.