व्हिडिओ कुठवर पोचला?

तालुक्याच्या गावात व्याख्यानमाला असली की हल्ली मागच्या रांगेत ट्रायपॉडवर एक कॅमेरा उभा असतोच. भाषण संपतं, आभार होतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि पुढचं काम संगणकावर सोपवलं जातं. व्हिडिओची फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची आणि घरी जायचं. रात्री एक वाजता एक छोटी स्क्रिप्ट आपोआप सुरू होते, फोल्डरमधली फाइल उचलते, शीर्षक आणि वर्णन जोडून ती यूट्यूबवर चढवते. सकाळी लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. हे सगळं चालू असताना संगणकासमोर कोणी नसतं. सोय त्यातच आहे आणि खरी अडचणही त्यातच.

हिशेब सोपा जावा म्हणून फाइल चार अब्ज बाइटांची, म्हणजे ४ जीबीची धरू. अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तर ती चढायला ६,४०० सेकंद लागतात, म्हणजे एक तास ४६ मिनिटं. एवढ्या वेळात वीज एकदा जाऊन येणं हे आपल्याकडे नवल नाही. संगणक यूपीएसवर तगला तरी राउटर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होऊन नेटवर्क पकडेपर्यंत दोन-चार मिनिटं जातात. साध्या पद्धतीत अख्खी फाइल एका विनंतीत जात असते, त्यामुळे जोडणी तुटली की तोवर चढलेलं सगळं पाण्यात. माणूस वैतागून पुन्हा बटण दाबतो. स्क्रिप्टही तेच करते, फक्त न वैतागता, आणि शून्यापासून. तासाभराने वीज पुन्हा गेली की पुन्हा शून्य. सकाळपर्यंत दहा जीबी डेटा खर्च झालेला असू शकतो आणि व्हिडिओचा मात्र पत्ता नसतो.

यावरचा उपाय यूट्यूबने स्वतःच देऊ केलेला आहे: तुटलं तिथून पुढे चालू करता येणारं अपलोड. यात स्क्रिप्ट आधी फक्त माहिती पाठवते. शीर्षक अमुक, वर्णन तमुक, फाइल एवढ्या बाइटांची. सर्व्हर ते नोंदवून घेतो आणि उत्तरात एक लांबलचक पत्ता देतो. तो पत्ता फक्त त्या एका अपलोडपुरता असतो, त्याला सेशनचा पत्ता म्हणू. पुढचे सगळे बाइट त्याच पत्त्यावर जातात. एकदम पाठवले तरी चालतात, तुकड्या-तुकड्याने पाठवले तरीही. तुकड्यांना अट एकच. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा २५६ केबीच्या, म्हणजे २,६२,१४४ बाइटांच्या पटीत हवा.

तुकडा केवढा घ्यावा, यावर नवशिक्यांचा कल लहानाकडे असतो: छोटा तुकडा, छोटं नुकसान. पण प्रत्येक तुकड्यानंतर सर्व्हरच्या पोचपावतीसाठी थांबावं लागतं. २५६ केबीचे तुकडे केले तर आपल्या फाइलचे १५,२५९ तुकडे होतात. प्रत्येक पावतीला सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला तरी नुसत्या थांबण्यात ५० मिनिटं जातात. ८ एमबीचे तुकडे केले तर ते ४७७ होतात आणि थांबणं दीड मिनिटावर येतं. ८ एमबीचा एक तुकडा आपल्या वेगाला साधारण १३ सेकंदांत जातो, म्हणजे तो अर्ध्यात तुटला तरी गेलं काय, तर १३ सेकंद. गूगलच्या पायथनमधल्या नमुना स्क्रिप्टमध्ये तर तुकडे पाडलेलेच नाहीत, अख्खी फाइल एका दमात जाते आणि तुटलीच तर राहिल्या जागेवरून पुढे. म्हणजे तुकडे सक्तीचे नाहीत. तरी रात्री एकट्याने चालणाऱ्या स्क्रिप्टला ते बरे. दर १३ सेकंदांनी लॉगमध्ये एक ओळ पडते आणि ती पडायची थांबली की अपलोड कुठे आणि कधी अडकलं हे सकाळी वाचता येतं.

आता वीज जाते तो क्षण पाहू. ३०० तुकडे पोचले आहेत, त्यांची पावती आली आहे आणि ३०१वा तुकडा निम्म्यात असताना राउटर बंद पडला. स्क्रिप्टच्या वहीत २,५१,६५,८२,४०० बाइटांची नोंद आहे. परत जोडणी मिळाल्यावर तिने तिथूनच सुरुवात करावी, असं कुणालाही वाटेल. पण ही नोंद आपल्या बाजूची आहे. सर्व्हरकडे प्रत्यक्षात किती उतरलं हे सर्व्हरच सांगू शकतो आणि ते विचारायची पद्धतही ठरलेली आहे. सेशनच्या पत्त्यावर एकही बाइट न पाठवता रिकामी विनंती करायची, एकूण आकार सांगायचा आणि सुरुवातीच्या जागी फुली, म्हणजे तारांकन ठेवायचं:

```
PUT <सेशनचा पत्ता>
Content-Length: 0
Content-Range: bytes */4000000000

HTTP/1.1 308 Resume Incomplete
Range: bytes=0-2519203839
```

उत्तर सांगतं की ३०१व्या तुकड्यातलेही सव्वीस लाखांवर बाइट सर्व्हरने ठेवून घेतले आहेत. आपली वही मागे होती. उलटही घडू शकतं, म्हणजे आपण पाठवलं म्हणून नोंदवलं आणि सर्व्हरपाशी कमी उतरलं. म्हणून वहीवर भिस्त न ठेवता दर वेळी विचारायचं. आणि मोजणी शून्यापासून आहे हे विसरायचं नाही. उत्तरातला आकडा मिळालेल्या शेवटच्या बाइटचा आहे, म्हणून पुढचा तुकडा 2519203840 पासून निघतो. इथे एकाची चूक अगदी सहज होते. उत्तरात `Range` ची ओळच नसेल तर अर्थ सरळ आहे: काहीच पोचलेलं नाही, पहिल्या बाइटपासून सुरू करा.

वरच्या उत्तरातला `308` हा आकडा स्वतःच एक भानगड आहे. गूगलने तो ‘अपलोड अपुरं आहे, पुढे पाठवा’ या अर्थाने वापरला, पण पुढे वेबच्या प्रमाणित नियमांत हाच आकडा ‘पत्ता कायमचा बदलला’ या अर्थाने रूढ झाला. २०१९-२०च्या सुमारास पायथनच्या `httplib2` या लायब्ररीने नवा अर्थ पाळायला सुरुवात केली आणि तोवर बिनघोर चालणाऱ्या कितीतरी अपलोड स्क्रिप्ट `Redirected but the response is missing a Location: header` असं म्हणत कोसळल्या. स्क्रिप्टमध्ये कोणी बदल केला नव्हता, फक्त खालची लायब्ररी अद्ययावत झाली होती. नंतर दोन्ही बाजूंनी तोड निघाली. विमिओ वापरतं ती ‘टस’ ही खुली पद्धत या भानगडीत पडतच नाही. तिथे किती पोचलं ते विचारायला वेगळी विनंती असते आणि उत्तरात `Upload-Offset` या नावाने नेमका पुढचा बाइट मिळतो, एक मिळवण्याचीही गरज नाही.

राउटर गेला तर स्क्रिप्ट जिवंत असते, तिला सेशनचा पत्ता आठवत असतो. संगणकच बंद पडला तर? गूगलची पायथन लायब्ररी तो पत्ता चालू प्रोग्रामच्या मेमरीत धरून ठेवते. प्रोग्राम गेला की पत्ता गेला, आणि पत्ता गेला की सर्व्हरपाशी पडून असलेले अडीच अब्ज बाइट निरुपयोगी. म्हणून पहिला बाइट पाठवण्याआधी तो पत्ता एका छोट्या फाइलमध्ये उतरवावा लागतो आणि शेजारी व्हिडिओचं नाव, आकार आणि बदलल्याची वेळ. स्क्रिप्ट पुन्हा उठली की आधी ही नोंद बघते. आकार किंवा वेळ जुळली नाही, तर त्याच नावाची फाइल मधल्या काळात कोणीतरी नव्याने एडिट करून ठेवली आहे. अशा वेळी जुनं सेशन पुढे रेटलं तर जुन्या फाइलचा पूर्वार्ध आणि नव्या फाइलचा उत्तरार्ध जोडला जाईल, आणि बाइटांची संख्या जुळली तर सर्व्हर तोही निमूटपणे घेईल.

सगळ्यांत महाग पडते ती चूक मात्र शेवटच्या तुकड्यावर होते. ४७७वा तुकडा पोचला, यूट्यूबने व्हिडिओ तयार करून त्याला ओळखक्रमांक दिला, `201` चं उत्तर निघालं आणि नेमक्या त्याच क्षणी जोडणी तुटली. सर्व्हरच्या लेखी काम फत्ते, स्क्रिप्टच्या लेखी अपयश. घाईने लिहिलेली स्क्रिप्ट इथे नवं सेशन उघडते, पावणेदोन तास पुन्हा खर्च करते आणि सकाळी चॅनलवर एकच व्याख्यान दोनदा दिसतं. काही प्रेक्षक एकावर, काही दुसऱ्यावर, प्रतिक्रिया विभागलेल्या, ग्रुपवर गेलेली लिंक कुठली ते पाहावं लागतं. एक डिलीट केला की त्याच्या लिंकही मेल्या. हे टाळायला नवीन काही लागत नाही. वरची तारांकनवाली विनंती जुन्याच सेशनवर पुन्हा केली की अपलोड पूर्ण झालेलं असल्यास यूट्यूब हुकलेलं उत्तर जसंच्या तसं, ओळखक्रमांकासह देतं. तो क्रमांक नोंदीत लिहावा आणि मगच फाइल ‘झालेल्या’ फोल्डरमध्ये हलवावी. क्रम उलटा केला तर पुन्हा तोच घोळ दुसऱ्या दाराने आत येतो.

प्रत्येक अपयश सारखं नसतं, हेही स्क्रिप्टला शिकवावं लागतं. `500` किंवा `503` आलं तर तिकडे तात्पुरती अडचण आहे, म्हणून एक सेकंद, मग दोन, मग चार, आठ असं वाढत थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, त्यातही थोडा अनियमितपणा ठेवून, म्हणजे हजारो स्क्रिप्ट एकाच ठोक्याला दार वाजवत नाहीत. `404` आलं तर सेशनच संपलेलं आहे. तेवढ्या एका बाबतीत नव्याने सुरुवात करण्याला पर्याय नाही. आणि `401` म्हणजे प्रवेशाचा परवाना संपला. गूगलचा हा परवाना साधारण तासाभराचा असतो आणि आपलं अपलोड एक तास ४६ मिनिटांचं, म्हणजे तो वाटेत संपू शकतो हे धरूनच चालायचं. नवा परवाना काढायचा आणि त्याच सेशनवर पुढचा तुकडा पाठवायचा.

तो नवा परवाना ज्याच्या आधारे निघतो त्या टोकनचीही एक गंमत आहे. गूगलच्या कन्सोलमध्ये ॲप बाहेरच्या वापरकर्त्यांसाठी म्हणून नोंदवलेलं आणि त्याची स्थिती ‘टेस्टिंग’ असेल, तर ते टोकन सात दिवसच चालतं. स्क्रिप्ट आठवडाभर बिनतक्रार काम करते, सगळ्यांचा तिच्यावर विश्वास बसतो आणि आठव्या रात्री लॉगमध्ये `invalid_grant` एवढंच उमटतं. इथे कितीही वेळा प्रयत्न केला तरी उपयोग नाही, माणसाने ब्राउझरमध्ये पुन्हा लॉग-इन करावं लागतं. म्हणून ही एक चूक ओळखून स्क्रिप्टने थांबावं आणि कुणाच्या तरी फोनवर संदेश टाकावा, असंच ती लिहिलेली बरी. शिवाय २८ जुलै २०२० नंतर तयार केलेल्या आणि यूट्यूबकडून तपासून न घेतलेल्या प्रकल्पातून चढवलेले व्हिडिओ खासगीच राहतात, हा नियम बऱ्याच जणांना सगळं नीट चालू झाल्यावर कळतो. अपलोड पूर्ण, ओळखक्रमांक हातात, लॉगमध्ये एकही चूक नाही, आणि लिंक उघडणाऱ्याला मात्र व्हिडिओ दिसत नाही. अशा वेळी तुकडे आणि जोडण्या तपासत बसू नये, ॲप यूट्यूबच्या तपासणीसाठी पाठवण्याचा अर्ज भरावा.