जरा, तसं, म्हणे, वाटतं

‘कोंबडी हा तसा पक्षीच’ हे वाक्य कानाला खटकत नाही. ‘चिमणी हा तसा पक्षीच’ मात्र खटकतं. चिमणी पक्षी आहे यात शंका कुठे होती, मग ‘तसा’ कशाला, असं आपण लगेच विचारू. जॉर्ज लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली इंग्रजीतल्या ‘सॉर्ट ऑफ’ला अशीच कसोटी लावली. रॉबिन या पाखराला ‘सॉर्ट ऑफ पक्षी’ म्हणणं चूक, कोंबडीला किंवा पेंग्विनला म्हणणं चालतं, गाईला म्हणणं पुन्हा चूक. म्हणजे हा शब्द उगाच तोंडात येत नाही. एखादी गोष्ट आपल्या जातीत अगदी मधोमध बसते की काठावर, हे तो सांगतो. अशा शब्दांसाठी ‘हेज’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं.

पुढे १९८२ मध्ये एलेन प्रिन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचं आपसातलं बोलणं तपासलं. त्यांना अशा शब्दांच्या दोन वेगळ्या जाती आढळल्या. एक जात मजकूरच सैल करते: ‘बाळाची त्वचा निळसर आहे’. दुसरी जात मजकुराला हात लावत नाही, फक्त बोलणारा त्याची हमी किती घेतो ते सांगते: ‘मला वाटतं, बाळाची त्वचा निळी आहे’. पहिल्या वाक्यात रंग कमी झाला, दुसऱ्यात खात्री कमी झाली. ‘काइंड ऑफ’ आणि ‘सॉर्ट ऑफ’ हे मुळात पहिल्या जातीतले, ‘आय गेस’ दुसऱ्या जातीतला.

मराठीत पहिल्या जातीसाठी बऱ्याचदा वेगळा शब्दही लागत नाही, मूळ शब्दाच्या शेपटीला काहीतरी जोडलं की काम होतं. लालसर, ओलसर, मोठासा, शंभरेक. यातही बारकावे आहेत. साडी ‘पिवळसर’ आहे म्हटलं तर फक्त छटा कळते. तीच ‘पिवळट’ म्हटली की ती विटलेली असावी किंवा सांगणाऱ्याला आवडलेली नसावी, हेही कळतं. आकड्यांचंही तसंच. वीसेक माणसं, पन्नासेक रुपये असं आपण सहज म्हणतो, पण सतराला ‘एक’ जोडायला कोणी जात नाही. तिथे ‘सतरा-अठरा’ म्हणतात. अंदाज सांगायचा तर आकडा गोल हवा, नाहीतर जोडीने हवा.

याच जातीतलं, मला सगळ्यात समर्थ वाटणारं साधन म्हणजे ‘सारखं’. ‘ताप आल्यासारखं वाटतंय’, ‘कंटाळल्यासारखं झालंय’. शहरातली तरुण मुलं हल्ली ‘मी काइंड ऑफ कंटाळलेय’ असं म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण ‘कंटाळल्यासारखं झालंय’मध्ये जास्त काही आहे. वाक्यातला ‘मी’ मागे सरतो, कंटाळा आपण केलेला नसून आपल्यावर आलेला असतो, आणि समोरच्याला तो दोष म्हणून टोचत नाही.

दुसऱ्या जातीत मराठी आणखी पुढे जाते. इंग्रजीतला ‘आय गेस’ एवढंच सांगतो की माझा हा अंदाज आहे. अंदाज कशावरून, हे तो सांगत नाही. मराठी बहुतेक वेळा तेही सांगते. समजा, शेजारचे काका चार दिवस दिसलेले नाहीत आणि ते आजारी आहेत असं सांगायचं आहे.

‘काका आजारी असतील’ हा निव्वळ अंदाज. हाताशी काही नसतानाही तो करता येतो. ‘काका आजारी असावेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, बोलणाऱ्याने काहीतरी पाहून ताळा जुळवलाय: दूध घ्यायला रोज तेच यायचे, आता मुलगा येतो. ‘काका आजारी आहेत वाटतं’ यात पुरावा आणखी ताजा असतो. आत्ता खिडकीतून खोकला ऐकू आला, दाराशी डॉक्टरांची गाडी दिसली. ‘काका आजारी आहेत म्हणे’ म्हटलं तर बोलणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही, कुणीतरी सांगितलंय. आणि ‘काका आजारी आहेत की काय’ यात अंदाजाला काळजीची धार येते. आजाराची बातमी पाचही वाक्यांत तीच आहे, फक्त ती कुठून आली आणि किती भरवशाची, हे बदलत गेलं.

यातलं ‘वाटतं’ नीट पाहण्याजोगं आहे. ‘मला वाटतं, काका आजारी आहेत’ हे मत झालं, त्यावर वाद घालता येतो. ‘मला’ गेला आणि ‘वाटतं’ वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं की ते समोर दिसणाऱ्या खुणेवरून काढलेलं अनुमान होतं. आणि मग त्याला एक वेगळंच काम मिळतं. सकाळी सहाला उठून बसलेल्या मुलाला आई म्हणते, ‘आज लवकर उठलास वाटतं!’ इथे शंका कसलीच नाही, मुलगा डोळ्यांसमोर आहे. तरी ‘वाटतं’ लागतं, कारण त्याशिवाय ते वाक्य नुसती नोंद होईल. ‘वाटतं’मुळे त्यात कौतुक येतं, थोडी थट्टा येते आणि मुलाला उत्तर द्यायला जागा राहते. ‘जरा’चंही असंच आहे. ‘जरा इकडे ये’ म्हणजे अर्धवट ये असा अर्थ नसतो. इथे ‘जरा’ हुकमाची धार बोथट करतो. पण आवाज चढला की तोच ‘जरा’ उलटतो: ‘जरा डोकं वापर!’

अवघडलेल्या मागणीसाठी आपल्याकडे ‘म्हटलं’ आहे. ‘म्हटलं, मावशींना विचारून बघावं, मिक्सर मिळेल का.’ मागणी आताची आहे, पण ती मघाशी मनात आलेला एक विचार म्हणून पुढे ठेवली जाते. मावशींनी नकार दिला तरी तो त्या विचाराला जातो, माणसाला लागत नाही.

आत्मविश्वासाने बोलायचं तर असे शब्द गाळा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मराठीपुरता तरी तो मला पटत नाही. ‘म्हणे’ गाळलं तर ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते. वर्तमानपत्रातलं ‘असे समजते’ही त्याच कामासाठी असतं, आणि फोनवर बातमी पुढे पाठवताना तेवढं एक क्रियापद गळलं की अफवा तयार होते.

मात्र पहिल्या जातीचे शब्द एका ठिकाणी घात करतात, आणि ते म्हणजे दवाखाना. डॉक्टरांना उगाच त्रास नको, आपलं दुखणं मोठं दिसायला नको, म्हणून घरातली वडीलधारी माणसं सवयीने सांगतात, ‘छातीत जरा भरल्यासारखं होतं कधीतरी.’ यात जोर, जागा, वेळ यांपैकी काहीच नीट उरत नाही. त्याऐवजी ‘दुसरा मजला चढला की छाती भरून येते, पाच मिनिटं बसलं की कमी होतं, आठवड्यात तीनदा झालं’ एवढं सांगितलं तर डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या जातीचा शब्द मात्र तिथे आवर्जून ठेवावा. रात्रीची गोळी घेतल्याचं पक्कं आठवत नसेल तर ‘घेतली’ म्हणू नये, ‘घेतली होती वाटतं’ असंच म्हणावं. आईवडिलांना तपासणीला नेणार असाल, तर निघण्यापूर्वी त्यांच्याकडून ‘जरा’ म्हणजे किती आणि ‘कधीतरी’ म्हणजे केव्हा, हे विचारून कागदावर लिहून घ्या.