पाच मिनिटांचं बातमीपत्र

शाळांच्या स्पर्धांमध्ये अलीकडे नाट्यछटा आणि वक्तृत्वाच्या बरोबरीने ‘बातमीपत्र सादरीकरण’ हा प्रकार रुळला आहे. चार-पाच मुलं, एक टेबल, दोन अँकर, कोपऱ्यात माइक घेऊन उभा राहिलेला वार्ताहर आणि शेवटी नकाशासमोर हवामान सांगणारी मुलगी. मुलं टीव्ही पाहत वाढलेली असल्यामुळे आवाज आणि आविर्भाव त्यांना शिकवावा लागत नाही. अडचण संहितेत असते. बातम्या बहुधा ठीक लिहिलेल्या असतात, पण एका माणसाकडून दुसऱ्याकडे सूत्रं जातात तिथे बातमीपत्र अडखळतं. असे सांधे तीन: वार्ताहराकडे जाताना, अँकरच्या आपसातल्या बोलण्यात आणि हवामानाकडे वळताना. संहिता लिहिताना निम्मा वेळ या तीन जागांवर घालवावा.

पण त्याआधी घड्याळ. समजा, स्पर्धेत ५ मिनिटं दिली आहेत. शाळकरी मूल स्पष्ट आणि न धावता वाचतं, तेव्हा मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. त्या हिशोबाने ५५० शब्द बसायला हवेत, पण प्रत्यक्षात ४५० च्या आसपासच थांबावं. सूत्रं सोपवताना, प्रेक्षक हसले की, माइक हातात घेताना सेकंद जातातच. एक सोयीची वाटणी अशी: ठळक बातम्या ३० सेकंद, वार्ताहरासह मुख्य बातमी १०० सेकंद, एक छोटी बातमी ३० सेकंद, खेळाची बातमी आणि त्यावरचं अँकरचं बोलणं ६० सेकंद, हवामान ५० सेकंद, निरोप १० सेकंद. बेरीज २८० होते. उरलेले २० सेकंद कोणालाही द्यायचे नाहीत. ते चुकण्यासाठी राखून ठेवायचे.

दुसरी गोष्ट भाषेची. मुलं वर्तमानपत्र समोर ठेवून लिहितात आणि ‘सदर बस विलंबाने येत असल्याने विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत असल्याचे पालकांकडून सांगण्यात आले’ असं वाक्य तयार होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाचणाऱ्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. क्रियापद येईपर्यंत तो सुरुवात विसरलेला असतो. म्हणून एका वाक्यात एकच माहिती ठेवावी आणि वाक्य एका श्वासात संपावं. आकडे अक्षरांत लिहावेत. ‘६९’ समोर आलं की एकोणसत्तर की एकोणऐंशी, असा गोंधळ मंचावर हमखास होतो. ‘एकोणसत्तर’ असं लिहिलेलं असेल तर डोळा थांबत नाही.

आता पहिला सांधा. मुख्य बातमी अशी धरू: वाडीवरून शाळेत येणारी सकाळची एसटी उशिरा येऊ लागली आहे आणि मुलांचा पहिला तास बुडतो आहे. पहिल्या खर्ड्यात मुलं साधारणपणे हे लिहितात:

सई: सकाळची एसटी उशिरा येत असल्यामुळे मुलांचा पहिला तास बुडतो आहे. अधिक माहितीसाठी जाऊ या आमच्या प्रतिनिधीकडे.
ओंकार: धन्यवाद सई. सकाळची एसटी उशिरा येत असल्यामुळे इथल्या मुलांचा पहिला तास बुडतो आहे...

अँकरने जे सांगितलं तेच वार्ताहर पुन्हा सांगतो आहे. दहा सेकंद वाया गेले आणि वार्ताहर तिथे कशाला गेला, हेही कळलं नाही. हा दोष ओळखायची सोपी खूण आहे. अँकरचं शेवटचं वाक्य आणि वार्ताहराचं पहिलं वाक्य शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत तेच नाम आणि तेच क्रियापद असेल, तर एक वाक्य खोडायचं.

कामाची वाटणी ठरलेली आहे. काय झालं आणि त्याची झळ कोणाला बसली, एवढं अँकरने सांगायचं. वार्ताहराने फक्त तेच सांगायचं, जे त्या जागी उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं. आणि सोपवताना ‘अधिक माहिती’ मागायची नाही, नेमका प्रश्न विचारायचा.

सई: वाडीची पावणेदहाची एसटी सोमवारपासून उशिरा येते आहे. तिथल्या बावीस मुलांचा पहिला तास रोज बुडतो. ओंकार आत्ता वाडीच्या थांब्यावर आहे. ओंकार, आज गाडी किती वाजता आली?
ओंकार: दहा वाजून चाळीस मिनिटांनी, सई. तोपर्यंत शाळेत पहिला तास सुरू झाला होता. मी इथे साडेनऊपासून आहे. सहा मुलं वाट पाहून पायी निघाली. त्यांत पाचवीतल्या दोघी होत्या.

‘दहा वाजून चाळीस मिनिटं’, ‘सहा मुलं पायी निघाली’, ‘पाचवीतल्या दोघी’ या तीन गोष्टी स्टुडिओत बसून सांगता येत नाहीत. यापुढे वार्ताहराने दोन माणसांचं म्हणणं ऐकवायचं: एका विद्यार्थिनीचं आणि स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाचं. दुसरी बाजू मुलं हटकून विसरतात. नियंत्रकाची भूमिका करणारा मुलगा सांगतो की तीच गाडी आता आधी दुसऱ्या गावाची फेरी करून येते, म्हणून उशीर होतो. एवढ्या एका वाक्याने तक्रारीची बातमी होते, कारण ऐकणाऱ्याला कारण समजतं. बातमी कल्पित असली तरी खऱ्या आगारातल्या खऱ्या माणसाचं नाव घेऊन त्याच्या तोंडी वाक्य घालू नये.

शेवट ठरलेला: ‘कॅमेरामन साहिलसह मी ओंकार, वाडीच्या थांब्यावरून.’ याला साइन-ऑफ म्हणतात. त्यामुळे पुढे कोण बोलणार हे अँकरला कळतं. साइन-ऑफ नसेल तर वार्ताहर थांबला आहे की वाक्य विसरला आहे, हे अँकरला समजत नाही आणि मंचावर शांतता पसरते. आणखी एक चूक इथेच सापडते. ठळक बातम्यांत ‘पंचवीस मुलं’, अँकरच्या तोंडी ‘बावीस’ आणि वार्ताहराकडे ‘वीसएक’. तिघांनी आपापले कागद वेगळे लिहिले की असं होतं. संहिता एकाच हाताने, एका वहीत उतरवावी आणि प्रत्येक आकड्याखाली रेघ मारून शेवटी सगळे जुळवून पाहावेत.

दुसरा सांधा अँकरच्या गप्पांचा. दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं. तिथल्या मराठी बातम्यांचा बाज एका निवेदकाने शांतपणे बातम्या वाचण्याचा होता. स्मिता पाटील यांनीही चित्रपटांत येण्याआधी तिथे बातम्या वाचल्या होत्या. जोडीने बसून एकमेकांशी बोलण्याची पद्धत पुढे खासगी वाहिन्यांमुळे घराघरांत ओळखीची झाली. शाळेच्या मंचावर मुलांना हाच भाग सगळ्यांत आवडतो आणि इथेच बातमीपत्राचं स्किट होऊन जातं. अँकर एकमेकांचे डबे, कपडे, गृहपाठ यांवर विनोद करत बसतात.

गप्पांना तीन अटी घालाव्यात. त्या नुकत्याच संपलेल्या बातमीतून निघाल्या पाहिजेत, पुढच्या बातमीकडे घेऊन गेल्या पाहिजेत आणि दोघांना मिळून चार वाक्यांत संपल्या पाहिजेत. चौथी अट स्वभावाची आहे. अपघात, आजार किंवा कोणाचं नुकसान यांच्या बातमीनंतर गप्पा नाहीत. तिथे एक श्वास थांबायचं, कागद बदलायचा आणि पुढची बातमी सरळ सुरू करायची. आमच्या बातमीपत्रात एसटीच्या बातमीनंतर गप्पा नाहीत, खेळाच्या बातमीनंतर आहेत. शाळेचा कबड्डी संघ उपांत्य सामना जिंकला आहे आणि पावसामुळे अंतिम सामना शनिवारवर गेला आहे.

सई: म्हणजे जिंकूनही थांबायचं?
तन्मय: मैदान सुकेपर्यंत. कालच्या पावसात मध्यरेषासुद्धा वाहून गेली.
सई: चढाई करणाऱ्याला कळणार कसं, आपण कोणाच्या अंगणात आहोत ते?
तन्मय: ते पंच बघतील. शनिवारी ऊन पडेल का, ते मात्र गौरीच सांगेल. गौरी, सामना होईल का?

प्रेक्षक हसतात, कारण मध्यरेषेशिवाय कबड्डी कशी होणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विनोद बातमीच्याच मातीतला आहे. आणि तो संपेपर्यंत आपण हवामानापाशी पोहोचलो आहोत. तिसरा सांधा इथेच जुळला.

हवामानाचा भाग बहुतेक संघ उरकून टाकतात: ‘राज्यात बहुतेक ठिकाणी पावसाची शक्यता, धन्यवाद.’ खरं तर मुलांना स्वतः मोजून आणता येईल अशी सगळ्या बातमीपत्रातली ही एकच बातमी आहे. सपाट तळाचा, सरळ उभ्या बाजूंचा एक डबा मैदानात उघड्यावर ठेवायचा, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजायची. जेवढे मिलिमीटर उंची, तेवढे मिलिमीटर पाऊस. हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतो, म्हणून वेळ तीच ठेवायची. आणि आकडा नुसता सांगायचा नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे जोडलं की आकडा दिसायला लागतो.

अंदाज मात्र मुलांनी मनाने करायचा नाही. तो हवामान विभागाच्या त्या दिवशीच्या जिल्ह्याच्या अंदाजातून घ्यायचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. म्हणून त्यावरून ‘आपल्या गावात पाऊस पडणार’ असं ठामपणे म्हणता येत नाही. रंगांचंही तसंच. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता कृती करा. गौरीचं उत्तर मग असं होतं:

गौरी: शनिवारी सामना अवघड दिसतो, तन्मय. आज सकाळी साडेआठपर्यंत शाळेच्या मैदानावर अठ्ठावीस मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे मैदानाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अठ्ठावीस लिटर पाणी. जिल्ह्याला शनिवारपर्यंत यलो अलर्ट आहे. वाडीच्या मुलांनो, उद्या छत्री घ्या. एसटीची वाट पाहायला लागली तर ती लागेल.

आधी झालेला पाऊस, मग होणारा, मग त्याचा अर्थ आणि शेवटी सल्ला, हा क्रम बदलू नये. सल्ला मोघम नको. पहिल्या बातमीतली मुलं शेवटच्या बातमीत परत आली की बातमीपत्र एकाच गावाचं आहे, हे ऐकणाऱ्याला न सांगता जाणवतं.

तालमीत एकाने फक्त घड्याळ धरायचं. तिसऱ्या मिनिटाला खेळाची बातमी सुरू झालेली नसेल, तर काय गाळायचं ते आधीच ठरलेलं हवं. गाळायची ती छोटी बातमी. म्हणून ती एसटीनंतर ठेवायची आणि तिचा एकही संदर्भ पुढे येऊ द्यायचा नाही. संहितेत तिच्याभोवती चौकट काढा. वार्ताहर साइन-ऑफ करत असताना समोरून घड्याळवाल्याने हात वर केला, की सईने ते पान उलटून थेट कबड्डीवर जायचं. हवामान कधीच गाळायचं नाही, कारण शनिवारच्या सामन्याचा प्रश्न तिथेच सुटतो. निरोपाचं वाक्य दोन्ही अँकरना पाठ असलं पाहिजे, म्हणजे शेवटच्या दहा सेकंदांत दोघांचेही डोळे कागदावर नाही, प्रेक्षकांवर असतील.