एक पटकथा, तीन सूचना

मराठी वाहिनीवरची रोजची मालिका अर्ध्या तासाची म्हणवली जाते, पण तिच्या एका भागात गोष्ट असते साधारण 22 मिनिटांची. तासाला 12 मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत असा नियम आहे. म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं तिथे जातात, उरलेल्यातून शीर्षकगीत आणि मागच्या भागाची उजळणी वजा होते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. म्हणून भागाची संहिता बावीस पानांच्या आसपास ठेवावी लागते. या बावीस पानांवर वाहिनी, निर्माता आणि दिग्दर्शक या तिघांचा हक्क असतो. तिघांच्या सूचना एकत्र करून लेखकाकडून दुरुस्त प्रत आणायची, हे काम बहुतेक वेळा टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाकडे येतं.

उदाहरणासाठी रचलेली एक गोष्ट घेऊ. कनिष्ठ पटकथा संपादक म्हणून नुकतीच लागलेली एक मुलगी आहे. तिच्या हातात आलेल्या भागाची कथा अशी: नणंदेची फी भरायला सून स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवते आणि सासूला त्याची पावती सापडते. सीन सात आहेत. तिसरा सीन सराफाच्या दुकानातला, चार पानांचा. पावती सापडते ती सहाव्या सीनमध्ये. सातव्यात सासू जाब विचारते आणि तिथेच भाग संपतो.

संध्याकाळी सूचना येतात. वाहिनी म्हणते, नायिका फार बिचारी वाटते, दुकानातला सीन आणखी रंगवा आणि पावती पहिल्या ब्रेकआधीच सापडू द्या. निर्माता म्हणतो, दुकान काढूनच टाका, एका सीनसाठी बाहेरचं लोकेशन परवडणार नाही. दिग्दर्शक म्हणतो, दुकानाचा सीन ठेवा पण छोटा करा, संवाद नकोत, आणि पावती शेवटीच सापडली पाहिजे, नाहीतर जाब विचारण्यातला जोर जाईल. एकच सीन एकाला मोठा हवा, एकाला लहान हवा, एकाला नकोच. शूटिंग परवा सकाळी नऊला.

नवा माणूस इथे हमखास मधला मार्ग काढतो. चार पानांची दोन करायची आणि पावती भागाच्या मध्यावर आणून ठेवायची. पण या दुरुस्तीतून कोणाला काय मिळालं ते पाहा. सीन दोन पानांचा झाला तरी युनिट दुकानात न्यावंच लागणार, म्हणजे निर्मात्याचा खर्च होता तसाच राहिला. नायिका बिचारीच राहिली. पावती मध्यावर सापडल्यामुळे ना ब्रेकआधी ताण, ना शेवटी स्फोट. तडजोड फसली की नाही हे ओळखायची खूण हीच. प्रत्येकाला थोडं थोडं मिळालेलं असतं आणि तक्रार मात्र एकाचीही मिटलेली नसते.

म्हणून अनुभवी संपादक सूचनेचे दोन भाग करतो: खुपतंय काय, आणि त्यावर सुचवलेला उपाय कोणता. आपल्या मुलीने तेच केलं. कागदावर तीन रकाने आखले आणि उपाय बाजूला ठेवून फक्त तक्रारी लिहिल्या. वाहिनीची तक्रार नायिका दुबळी असल्याची, निर्मात्याची लोकेशनच्या खर्चाची, दिग्दर्शकाची शब्दांचा भडिमार असल्याची. या तीन तक्रारींमध्ये एकमेकींविरुद्ध काहीच नव्हतं. भांडण होतं ते उपायांमध्ये.

मग प्रत्येक तक्रारीचं मूळ नेमकं कोणत्या पानावर आहे, ते तिने शोधलं. नायिका दुबळी का वाटते? दुकानात सराफ बोलत राहतो आणि ती नुसती मान डोलावते, हे एक. पण खरं कारण त्याच्या आधीच्या सीनमध्ये होतं. पाटल्या गहाण ठेवायची कल्पना नणंद मांडते आणि सून हो म्हणते. निर्णयच तिचा नाही. तिसरा सीन कितीही रंगवला तरी हे झाकलं गेलं नसतं. दुरुस्ती दुसऱ्या सीनमध्ये हवी होती: नणंद नको नको म्हणते आणि सून हातातल्या पाटल्या उतरवते.

खर्चासाठी तिने दिग्दर्शकाला फोन केला. “सर, दुकान न दाखवता फक्त काउंटर दाखवला तर चालेल? तराजू, पाटल्या, तिचे हात आणि पावती?” दिग्दर्शकाला संवाद नकोच होते, त्यामुळे ते लगेच तयार झाले. काचेचा काउंटर आणि मागे भिंतीचा एक तुकडा कलाविभाग आहे त्याच सेटच्या कोपऱ्यात उभा करू शकतो. बाहेर जायची गरज उरली नाही. चार पानांचा सीन दीड पानावर आला आणि अडीच पानं मोकळी झाली.

पावतीचा पेच अवघड होता. तो सुटला एका जुन्या तत्त्वामुळे. आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक समजावला आहे. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि पात्रांना नसेल, तर पुढची सगळी मिनिटं तो श्वास रोखून बघतो. मुलीने तेच केलं. चौथ्या सीनमध्ये, ब्रेकच्या तोंडावर, सासूला पावती सापडते. पण ती काहीच बोलत नाही. सुनेला पत्ता नाही, प्रेक्षकाला आहे. शेवटी सासू सहज म्हणते, “उद्या पूजेला पाटल्या घाल हं.” वाहिनीला ब्रेकआधीचा ताण मिळाला, दिग्दर्शकाला शेवटचा जोर. मोकळ्या अडीच पानांतलं एक दुसऱ्या सीनला गेलं, उरलेलं दीड सासूच्या गप्प नजरेला. बेरीज बावीसच राहिली.

सगळेच विरोध असे सुटत नाहीत. समजा, वाहिनी म्हणाली सासूने शेवटी माफ करावं आणि दिग्दर्शक म्हणाले मुळीच नाही. इथे तक्रारच परस्परविरोधी आहे, कारण प्रश्न मालिकेच्या पुढच्या ट्रॅकचा आहे. तो निर्णय कनिष्ठ संपादकाने गुपचूप घ्यायचा नसतो. तिने तिघांना एकाच वेळी एकच प्रश्न पाठवायचा, दोन्ही पर्यायांच्या परिणामांसह: माफ केलं तर बँकेत तयार असलेल्या पुढच्या भागातले कोणते सीन पुन्हा शूट करावे लागतील, आणि नाही केलं तर काय लांबेल. किंमत समोर दिसली की निर्णय लवकर होतो.

दुरुस्तीनंतर एक कंटाळवाणं काम उरतं आणि चुका तिथेच होतात. पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचं. सातव्या सीनमध्ये सुनेच्या तोंडी “ताईंनीच सुचवलं” हे वाक्य तसंच राहिलं असेल, तर दुसऱ्या सीनची सगळी मेहनत वाया जाते. फाइलच्या नावात भाग क्रमांक, आवृत्ती आणि तारीख घालायची. नुसतं ‘फायनल’ लिहिलेल्या दोन फाइल फिरल्या की सासू एक प्रत पाठ करून येते आणि सून दुसरी.

शेवटी प्रतीसोबत एक पानाचं टिपण जातं, तिघांना तेच. कोणाची तक्रार कोणत्या सीनमध्ये सोडवली, कोणता उपाय घेतला नाही आणि का. वाहिनीने दुकान रंगवायला सांगितलं होतं आणि ते उलट लहान झालं, हे त्यात स्पष्ट लिहायला नव्या माणसाला भीती वाटते. पण ते कारणासकट कागदावर आलं की चर्चा त्याच संध्याकाळी संपते. लपवलं, तर ती परवा सकाळी नऊला सेटवर होते, मेकअप करून बसलेल्या कलाकारांसमोर.