स्क्रीनशॉटमधला रंग नेमका कोणता?

डिझायनरने फिग्माचा स्क्रीनशॉट पाठवला आहे आणि त्यावरून वेबसाइटचे रंग ठरवायचे आहेत. अशा वेळी बरेच जण आयड्रॉपर काढून थेट अक्षरांवर टेकवतात. माझ्या मते पहिली चूक तिथेच होते.

समजा, उजवीकडच्या पट्टीत मजकुराचा रंग `1F2937` आणि शेजारी `60%` लिहिले आहे. म्हणजे रंग साठ टक्केच गडद आहे, बाकी खालचा पांढरा कागद दिसतो. आयड्रॉपर या मिश्रणालाच रंग समजतो आणि `#797F87` सांगतो. पांढऱ्यावर तो शोभतो, पण पार्श्वभूमी निळी केली की फरक लगेच उघडा पडतो. म्हणून पट्टीवरचा आकडाच घ्यावा. साठ टक्के म्हणजे 255 पैकी 153, आणि सोळाच्या पद्धतीत ते `99` होतात.

अक्षरांच्या आकाराचेही तसेच आहे. पट्टीवर 16 असते, पण दुप्पट घनतेच्या पडद्यावरच्या स्क्रीनशॉटमध्ये मोजले तर 32 भरतात. ब्राउझरचा नेहमीचा आकार 16 पिक्सेल, म्हणून `1rem`.

```css
:root {
  --text-muted: #1F293799;
  --font-body: 1rem;
}
```

चित्र धूसर असेल तर `8` आणि `B` हमखास गोंधळात टाकतात. `O` वाटले तर मात्र खुशाल शून्य लिहा, कारण या कोडमध्ये `F` च्या पुढचे अक्षर येतच नाही. `8` की `B` हे ठरत नसेल, तर अंदाज न बांधता डिझायनरला विचारा.