फ्लॅशने गिळलेली उत्तरं

समजा, बाईंनी लॅमिनेट केलेलं गुणाकाराचं वर्कशीट दिलं. तुम्ही मार्करने दहाही उत्तरं लिहिलीत आणि आईच्या फोनवर फोटो काढून बाईंना पाठवलात. थोड्या वेळाने बाईंचा निरोप आला, "पाचवं आणि सहावं उत्तर कुठंय?" फोटो उघडून बघता तर कागदाच्या मधोमध पांढराशुभ्र डाग! उत्तरं लिहिलेली आहेत, पण फोटोत गायब.

हा डाग म्हणजे फ्लॅशचं प्रतिबिंब. साध्या कागदावर प्रकाश पडला की तो सगळीकडे विखुरतो, त्यामुळे त्याचा अगदी थोडा भाग कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक मात्र गुळगुळीत असतं. समोरून आलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी साधारण चारच भाग त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परततात, पण ते न विखुरता सगळे एकाच दिशेने येतात. म्हणून ते चार भागही कॅमेऱ्याचे डोळे दिपवायला पुरेसे होतात.

आता खरी गंमत. डाग नेमका मध्येच का पडतो? फोनच्या पाठीवर बघा, फ्लॅश कॅमेऱ्याला अगदी खेटून असतो. म्हणजे जिथून प्रकाश निघतो, जवळजवळ तिथेच तो परत यायला हवा. सपाट, चकचकीत कागदावरून प्रकाश आल्या वाटेने परत येतो तो एकाच जागेवरून: फोनपासून कागदावर सरळ काटकोनात रेघ टाकली तर ती जिथे टेकेल तिथून. फोन कागदाच्या बरोबर मध्यावर धरलात, की डागही मध्यावर!

फोन नुसता तिरका केला तर? बहुतेक जण हेच करतात, आणि डाग हलत नाही. खरं वाटत नसेल तर भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहा. एक डोळा मिटा आणि दुसऱ्या डोळ्याचं प्रतिबिंब आरशावर कुठे दिसतं ते बघा. आता डोळा जागचा न हलवता मान थोडी वळवा. प्रतिबिंब तिथेच! मग हळूहळू बाजूला सरका, अगदी आरशाच्या कडेबाहेर जाईपर्यंत. तुमचा चेहरा नाहीसा होतो, पण आरसा मात्र अजून पूर्ण दिसतो. आपल्याला हवंय ते हेच!

म्हणून फोन वळवायचा नाही, आधी सरकवायचा. वर्कशीट टेबलावर सपाट ठेवा. फोन कागदापासून साधारण ३० सेंटिमीटर उंच धरा, पण कागदाच्या वर नाही. तुमच्याकडच्या कडेच्याही १० सेंटिमीटर बाहेर. मग तो कागदाकडे झुकवा. आता फ्लॅशचं प्रतिबिंब पडायचं ते कागदाबाहेर, टेबलावर. लॅमिनेशन कधीच अगदी सपाट नसतं, म्हणून १० सेंटिमीटरची ही मोकळी जागा ठेवायची. फोटोत कागदाची लांबची बाजू अरुंद दिसेल, पण आकडे वाचता येतील. स्कॅन करायचं अ‍ॅप असेल तर ते कागद पुन्हा चौकोनी करून देतं.

फ्लॅश क्षणभरच चमकतो, त्यामुळे डाग आधी दिसत नाही. त्याऐवजी फोनचा टॉर्च सुरू ठेवून कॅमेरा उघडता येत असेल, तर डाग स्क्रीनवर आधीच दिसतो आणि तो सरकत कागदाबाहेर जाताना बघायला फार मजा येते.

लॅमिनेशनमध्ये फुगे असतील किंवा कागद वाकलेला असेल, तर ही युक्ती अपुरी पडते. प्रत्येक फुग्याचा उतार वेगळा, त्यामुळे त्याचा डागही वेगळा. अशा वेळी दोन फोटो काढा, एक वरच्या कडेबाहेरून आणि एक खालच्या. डाग जागा बदलतात. पहिल्या फोटोत लपलेलं सहावं उत्तर बहुधा दुसऱ्यात सापडतं. दोन्ही फोटो पाठवा.

सगळ्यात सोपं म्हणजे फ्लॅश बंद करून दिवसा खिडकीशेजारी फोटो काढणं. खिडकी कागदाच्या बाजूला हवी. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर तीही प्लॅस्टिकमध्ये लांबट पट्टा होऊन उमटते. ती बंद करा.

आणि फोटो आधीच काढून झाला असेल, वर्कशीटही पुसून टाकलं असेल तर? फोटो मोठा करून डागाची कड बघा. तिथे पुसट करड्या रेघा दिसत असतील, तर उजेड कमी करून आकडा वाचता येऊ शकतो. डागाच्या मध्यात मात्र तसं होत नाही. फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी साठवलेला असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. डागात तिन्ही आकडे २५५ला जाऊन अडकलेले असतात, मग खाली शाई असो वा कोरी जागा. उजेड कमी केला की पांढऱ्याचा नुसता करडा रंग होतो, आकडा काही उगवत नाही. मग ती दोन गणितं पुन्हा सोडवा आणि या वेळी पुसायच्या आधी फोटो मोठा करून तपासा.